‘माझ्या मुलाला खेळायला का मिळत नाही?’ : पालकांच्या तक्रारीला क्रिकेट कोचने उत्तर कसं द्यावं

रविवारची मॅच संपते, रात्री दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एका वडिलांचा लांबलचक मेसेज येतो आणि कोच तिथल्या तिथे उत्तर टाइप करायला घेतो. पुढचा सगळा घोळ इथेच सुरू होतो. त्या वेळी स्कोअरबुक समोर नसतं, मुलाशी बोलणं झालेलं नसतं, तक्रार नेमकी कशाची आहे हेही कळलेलं नसतं. तरी उत्तर जातं, आणि त्याचा स्क्रीनशॉट सकाळपर्यंत चार घरी पोचतो.

पुढचे टप्पे १४ वर्षांखालच्या मुलांची अकादमी किंवा क्लबची टीम चालवणाऱ्या कोचसाठी आहेत. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे, म्हणून क्रम बदलू नका.

## १. त्या रात्री फक्त पोच द्या

मेसेज वाचा आणि दोन ओळींत पोच द्या:

“नमस्कार दादा, मेसेज वाचला. स्कोअरबुक आणि हजेरी बघून बुधवारपर्यंत तुम्हाला नीट उत्तर देतो.”

यात ‘गैरसमज झालाय’ असं नको, ‘तुमचं बरोबर आहे’ असंही नको. वार मात्र हवाच. ‘लवकरच बोलू’ म्हटलं की पालक दुसऱ्या दिवशी सकाळी नेटच्या मागे येऊन उभे राहतात आणि बोलणं मुलांसमोर होतं.

सावध : मेसेज टीमच्या ग्रुपवर आला असेल तर ग्रुपवर एवढंच लिहा, “तुम्हाला वैयक्तिक मेसेज करतो.” बाकीचे पालक त्यात उतरले तरी तिथे खुलासा करू नका. एका मुलाच्या खेळाची चर्चा तीस घरांसमोर झाली की त्याचे मित्र दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारतात, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

## २. तक्रार नेमकी कशाची आहे ते ओळखा

‘खेळायला मिळत नाही’ या एका वाक्याखाली क्रिकेटमध्ये तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, मुलगा अकरात नाही. दुसरी, अकरात आहे, पण नवव्या-दहाव्या नंबरला जातो आणि बोलिंगही मिळत नाही. म्हणजे दिवसभर फक्त फील्डिंग. तिसरी, सराव सामन्याची फी भरली आणि मुलगा काहीच न करता घरी आला. पालक बहुतेक वेळा पहिली लिहितात आणि त्यांना खुपत असते दुसरी किंवा तिसरी. तुम्ही संघनिवडीवर पानभर लिहिलंत आणि त्यांचा प्रश्न पैशांचा असला, तर ते उत्तर टाळाटाळ वाटणारच.

इथे क्रिकेटची एक अडचण आहे. फुटबॉलच्या कोचला शेवटची पंधरा मिनिटं मुलगा मैदानात उतरवता येतो. क्रिकेटमध्ये ती सोय नाही. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे बदली म्हणून आलेल्या खेळाडूला फील्डिंग करता येते, बॅटिंग किंवा बोलिंग करता येत नाही. बऱ्याच पालकांना हे ठाऊक नसतं. ‘दहा ओव्हर आत होता ना, मग एक ओव्हर द्यायची होती’ असं ते मनापासून म्हणतात. अशा वेळी नियम सांगा, पण साध्या शब्दांत आणि एका वाक्यात.

तपासा : मेसेज पुन्हा वाचून तक्रार तुमच्या शब्दांत एका ओळीत लिहून काढा. ओळ जमत नसेल तर उत्तराआधी पालकांना एकच प्रश्न विचारा, “निवडीबद्दल विचारताय, की मॅचमध्ये मिळणाऱ्या संधीबद्दल?”

## ३. वही काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. सगळ्यांत जास्त वेळ मात्र यालाच द्या.

एक उदाहरण पूर्ण बघू. तेरा वर्षांचा मुलगा, ऑफस्पिनर, पंधरा जणांच्या संघात. वडिलांचा मेसेज असा: “सर, पाच मॅच झाल्या, एकदाही नीट संधी नाही. प्रत्येक मॅचचे पैसे भरतो. रोज पहाटे पावणेसहाला ग्राउंडवर सोडतो. टीम काय बघून काढता ते तरी सांगा.”

कोचने स्कोअरबुक उघडल्यावर त्या पाच मॅचचं चित्र असं निघालं:

- पहिली, सराव सामना : अकरात. नववा नंबर, ४ चेंडू. २ ओव्हर, १९ धावा.
- दुसरी, स्पर्धा : बारावा खेळाडू. ६ ओव्हर बदली फील्डिंग.
- तिसरी, स्पर्धा : अकराबाहेर.
- चौथी, सराव सामना : अकरात. बॅटिंग नाही, बोलिंग नाही.
- पाचवी, स्पर्धा : अकरात. नववा नंबर, ७ चेंडू, ३ धावा. २ ओव्हर, ११ धावा.

म्हणजे पाचपैकी तीन मॅच अकरात, मिळून ११ चेंडू बॅटिंग आणि ४ ओव्हर बोलिंग. ‘एकदाही संधी नाही’ हे तंतोतंत खरं नाही, पण महिनाभराच्या क्रिकेटमध्ये ११ चेंडू फारच कमी आहेत, हे कोचने आधी स्वतःशी मान्य करायला हवं.

आता प्रत्येक मॅचपुढे कारण लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मॅचचं कारण सरळ आहे. स्पर्धेचा सामना होता आणि ज्यांची लेंग्थ त्या आठवड्यात जास्त स्थिर होती ते दोन ऑफस्पिनर संघात होते. चौथ्या मॅचचं कारण लिहिताना पेन अडखळतं. समोरची टीम सोळाव्या ओव्हरला ६१ वर आटोपली. चार बोलरांनीच काम संपवलं, इथवर ठीक. पण नंतर ६२ धावांसाठी नेहमीचेच फलंदाज नेहमीच्याच क्रमाने गेले आणि तीन विकेट गमावून मॅच संपली. तो सराव सामना होता. या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला पाठवता आलं असतं, आणि हरलो असतो तरी काही बिघडलं नसतं. पालकांनी पैसे भरलेली मॅच हीच. इथे वडिलांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

माझं मत इथे स्पष्ट आहे. स्पर्धेत संधी ही निवडीवर ठरते. तिथे कुणाचीच हमी नसते. पण ज्या सराव सामन्यात मैदान, चेंडू आणि पंचांचा खर्च पालकांकडून वर्गणीसारखा घेतला, त्यात अकरातल्या प्रत्येक मुलाला निदान बॅटिंग किंवा बोलिंग यांपैकी एक मिळालीच पाहिजे. तिथे ‘मॅच सिच्युएशन’ हे कारण चालत नाही, कारण ती सिच्युएशन कोचच्या हातात असते.

वहीतून आणखी दोन गोष्टी काढा: हजेरी आणि नेटमधलं काम. या मुलाची हजेरी २४ पैकी २२ दिवस. बोलिंगसाठी चांगल्या लेंग्थवर चुन्याने एक चौकोन आखा आणि चार ओव्हर, म्हणजे २४ चेंडू टाकायला लावा. चौकोनात पडलेले चेंडू मोजा. आपल्या उदाहरणात ९ पडले. ‘त्याची बोलिंग अजून तयार नाही’ या वाक्यावर तासभर वाद घालता येतो. २४ पैकी ९ या आकड्यावरून मात्र पुढे काय करायचं ते ठरवता येतं.

सावध : हल्ली पालक क्रिकहिरोजसारख्या ॲपवरचे आकडे घेऊन येतात. ते सहसा बरोबरच असतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडू नका. फक्त बदली फील्डिंग, पॅड बांधून दीड तास वाट पाहणं, नेटमधलं काम हे तिथे दिसत नाही. ते तुमच्या वहीत असायला हवं. वहीत नसेल तर उत्तरातही घालू नका. आठवणीवरून सांगितलेली एक चूक निघाली की बाकीचं उत्तरही पडतं.

## ४. आधी मुलाशी बोला

पालकांना उत्तर जाण्यापूर्वी मुलाशी पाच मिनिटं बोला. सरावानंतर, मैदानावरच, बाकीच्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. ‘बाबांनी तक्रार केली’ हा विषय काढायचा नाही. बऱ्याचदा मुलाला मेसेजचा पत्ताच नसतो, आणि असला तर तो आधीच ओशाळलेला असतो.

विचारायचं ते एवढंच: “मॅचमध्ये तुला काय करायला मिळावं असं वाटतं?” उत्तर ऐकून घ्या. आपल्या उदाहरणातला मुलगा म्हणाला, “सर, बॅटिंग खाली मिळाली तरी चालेल. पण ओव्हर मिळाली की दोनच मिळतात, आणि पहिल्या ओव्हरला मार पडला की कॅप्टन काढतो.” वडील बॅटिंगसाठी चिडलेत आणि मुलाला हवी आहे सलग बोलिंग. हे कळल्याशिवाय लिहिलेलं उत्तर चुकीच्या प्रश्नाचं उत्तर ठरलं असतं.

कधीकधी मुलगा सांगतो की त्याला स्पर्धा खेळायचीच नाही, मित्रांसाठी येतो. तेही ऐका. पण ते पालकांना तुम्ही सांगू नका. ‘तुम्ही एकदा त्याच्याशी बोला’ एवढंच सुचवा. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुमच्या मेसेजमधून घरी पोचली, तर तो पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही.

## ५. उत्तर लिहा

आता लिहायला बसा. आधी बहुतेक वेळा काय जातं ते पाहा:

“दादा, टीम मेरिटवर निघते. इतर मुलं जास्त मेहनत घेतात. अमक्याने मागच्या मॅचला ४० मारले, त्याला काढून कसं चालेल? तुमच्या मुलाला अजून खूप शिकायचंय. पेशन्स ठेवा, पुढच्या मॅचला बघू.”

या पाच ओळींत चार चुका आहेत. ‘इतर जास्त मेहनत घेतात’ हे हजेरीच्या वहीवरूनच खोटं ठरतं. दुसऱ्या मुलाचं नाव आलं, म्हणजे आता दोन घरांचा वाद झाला. ‘खूप शिकायचंय’ यातून काय शिकायचंय ते कळत नाही. आणि ‘पुढच्या मॅचला बघू’ हे कोचला टाळणं वाटतं, पण वडिलांना ते वचन वाटतं. पुढच्या मॅचला मुलगा बाहेर बसला की हाच मेसेज पुराव्यासारखा परत येतो.

चांगल्या उत्तराचा क्रम ठरलेला ठेवा: आधी आकडे, मग जिथे पालक बरोबर आहेत ती गोष्ट, मग निवडीचं कारण, मग पुढचं काम आणि शेवटी भेटीची वेळ. पालक बरोबर आहेत ती गोष्ट शेवटी ढकलली की नाइलाजाने कबूल केल्यासारखी वाटते, म्हणून ती वरच हवी. आपल्या उदाहरणातलं उत्तर असं लिहिता येईल:

“नमस्कार दादा. स्कोअरबुक बघितलं. पाच मॅचपैकी तो तीन मॅच अकरात होता. त्यात त्याला ११ चेंडू बॅटिंग आणि ४ ओव्हर बोलिंग मिळाली. ही संधी कमी आहे, हे तुमचं बरोबर आहे.

चौथा सामना सरावाचा होता. ६२ धावांसाठी त्याला वर पाठवायला हवं होतं, मी पाठवलं नाही. तो निर्णय माझा होता.

स्पर्धेच्या दोन मॅचमध्ये तो अकराबाहेर होता, कारण ऑफस्पिनची लेंग्थ अजून स्थिर नाही. चुन्याच्या चौकोनात सध्या २४ पैकी ९ चेंडू पडतात. १४ च्या पुढे नियमित पडायला लागले की स्पर्धेच्या निवडीत मी त्याचा बोलर म्हणून विचार करीन. निवड नक्की होईल असं मात्र आत्ता सांगू शकत नाही.

मंगळवार आणि गुरुवारी सरावानंतर २० मिनिटं मी त्याच्याकडून हेच करून घेईन. पुढच्या दोन सराव सामन्यांत तो अकरात असेल आणि त्याला निदान चार ओव्हर सलग मिळतील. त्याची हजेरी उत्तम आहे, २४ पैकी २२ दिवस.

शनिवारी सकाळी साडेनऊला सराव संपल्यावर २० मिनिटं भेटू या का?”

कोणती गोष्ट नक्की दिली आणि कोणती दिली नाही ते नीट पाहा. सराव सामने, चार ओव्हर, आठवड्यातले दोन दिवस हे सगळं कोचच्या हातात आहे, म्हणून ते ठाम सांगितलं. स्पर्धेची निवड इतर मुलांच्या खेळावरही ठरते, म्हणून तिथे ‘विचार करीन’ इतकंच. ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळली की त्यातून पुढची तक्रार जन्माला येते.

पहाटे पावणेसहाला सोडण्याचा उल्लेख वडिलांनी केला होता. ‘तुमचे कष्ट दिसतात’ वगैरे लिहिण्यापेक्षा हजेरीचा आकडा दिला की त्यांचं म्हणणं पोचलं हे त्यांना कळतं.

तपासा : पाठवण्याआधी मेसेज एकदा मोठ्याने वाचा. दुसऱ्या कोणत्या मुलाचं नाव, नंबर किंवा ओळखू येईल असा उल्लेख आहे का? ‘तुमच्यासारखे पालक’, ‘आजकालचे पालक’ असं काही आहे का? असेल तर ते वाक्य दुरुस्त करत बसू नका, सरळ काढून टाका.

## ६. भेट

भेट मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून घ्या. मॅचच्या दिवशी कधीच नको. हरल्यावर तर नकोच, जिंकल्यावरही नको, कारण जिंकलेल्या मॅचमध्ये बाहेर बसलेल्या मुलाचे वडील जास्त दुखावलेले असतात. सहायक कोच बरोबर असू द्या. आई आणि वडील दोघांना बोलवा. पुष्कळदा मेसेज एकाने केलेला असतो आणि प्रश्न दुसऱ्याचे असतात. मुलगा पहिली पंधरा मिनिटं बाहेर, शेवटची पाच आत. त्या पाच मिनिटांत फक्त पुढचं काम बोलायचं.

सुरुवातीला पालकांना न तोडता बोलू द्या. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक वाक्य जवळजवळ नेहमी येतं: “त्या अमक्याचा मुलगा कसा दर मॅच खेळतो? त्याचे वडील कमिटीवर आहेत म्हणूनच ना?” इथे कोच हमखास त्या मुलाची बाजू घ्यायला जातो. जाऊ नका. “दुसऱ्या मुलाबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि तुमच्या मुलाबद्दल त्यांच्याशीही बोलणार नाही” एवढं सांगा आणि चौकोनाच्या आकड्यावर परत या. मात्र घरी गेल्यावर त्या आरोपाकडे स्वतः बघा. कमिटीवरच्या माणसाचा मुलगाही त्याच वहीत, त्याच मोजमापाने दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दुरुस्ती तुम्हालाच करायची आहे.

“फी डबल घ्या, पण त्याला खेळवा” असं कुणी म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, सहायक कोचसमोर ‘नाही’ म्हणा आणि ते वहीत लिहून ठेवा.

भेट संपताना ठरलेल्या गोष्टी तीन ओळींत त्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. तोंडी बोलणं घरी पोचेपर्यंत बदलतं.

## ७. दिलेला शब्द मॅचमध्ये उतरवा

सगळ्यात अवघड काम इथे आहे, कारण शनिवारी दिलेला शब्द रविवारी टॉसच्या गडबडीत कोचच्याच लक्षात राहत नाही. कॅप्टनला आदल्या दिवशी सांगा: “याच्या चार ओव्हर सलग. पहिल्या ओव्हरला १५ गेले तरी काढायचा नाही.” मुलं कॅप्टन असली की मार पडलेल्या बोलरला लगेच बदलतात, त्यांना कोचने मोकळीक दिली नाही तर त्यांचंही चुकत नाही.

सराव सामना ठरवतानाच समोरच्या कोचशी दोन गोष्टी बोलून घ्या. एक, दोन्हीकडून तेरा-तेरा मुलं. दोन्ही बाजूंची संमती असेल तर अकरापेक्षा जास्त खेळाडूंनी सामना खेळता येतो. अट एवढीच की एका वेळी मैदानात फील्डिंगला अकराच हवेत. दोन, ३० धावा झाल्या की फलंदाजाने रिटायर व्हायचं. एरवी दुखापत किंवा आजारपण सोडून रिटायर झालेल्याला समोरच्या कॅप्टनच्या संमतीशिवाय परत येता येत नाही, म्हणून शेवटी तो परत येऊ शकतो का हेही आधीच ठरवा आणि पंचांना टॉसपूर्वी सांगा. हे दोन करार झाले की खालच्या नंबरच्या मुलांना बॅट हातात मिळते, ‘एकदाही नाही’ अशा तक्रारींचं मूळच कमी होतं.

पाऊस आला, चार ओव्हर झाल्या नाहीत, तर त्याच संध्याकाळी पालकांना कळवा: “आज दोनच ओव्हर झाल्या, राहिलेल्या पुढच्या सामन्यात.” त्यांनी विचारण्याची वाट बघू नका.

तपासा : महिन्याने चौकोनाची मोजणी पुन्हा करा आणि आकडा आधी मुलाला, मग पालकांना सांगा. १४ च्या पुढे गेला आणि तरीही स्पर्धेच्या अकरात जागा होत नसेल, तर कारण पुन्हा लिहून द्या. ९ चे १० च झाले असतील तर तेही तसंच सांगा, आणि रनअप, पकड, क्रीजवरची जागा यांपैकी पुढच्या महिन्यात काय बदलून बघणार ते सांगा.

दोन-तीन महिन्यांनंतरही आकडा वाढतोय, मुलगा येतोय आणि तुमच्याकडे त्याच्या प्रकारचे दोन पक्के बोलर आहेत, अशी वेळ येते. तेव्हा ज्या क्लबला ऑफस्पिनर हवाय तिथे त्याला जाऊ द्या आणि तिथल्या कोचला स्वतः फोन करा. फोनवर हजेरी, चौकोनाचे आकडे आणि त्याला कशी बोलिंग द्यावी ते सांगा. वडिलांच्या मेसेजबद्दल काही सांगायची गरज नाही.